गरिबाचा कव्हर्ड कॉल: आधी टाइम व्हॅल्यूचा हिशेब, मग सौदा

अमेरिकी बाजारात एक ऑप्शन कॉन्ट्रॅक्ट १०० शेअरचं असतं. त्यामुळे १०० डॉलरच्या शेअरवर साधा कव्हर्ड कॉल करायचा म्हटलं, तरी आधी १०,००० डॉलरचे शेअर खात्यात हवेत. ते घ्यायचे, त्यावर महिन्याभराचा एक कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाला ते शेअर घेण्याचा हक्क, विकायचा आणि त्याची मिळालेली किंमत, म्हणजे प्रीमियम, खिशात टाकायचा, एवढाच तो प्रकार. अडचण पहिल्या पायरीलाच येते, कारण दहा हजार डॉलर एकाच शेअरमध्ये अडकवायची सगळ्यांची तयारी नसते. म्हणून शेअरच्या जागी त्याच शेअरचा लांब मुदतीचा, खोलवर इन-द-मनी असलेला, म्हणजे ज्याचा ठरलेला भाव किंवा स्ट्राइक शेअरच्या भावाच्या बराच खाली आहे असा कॉल घेतात आणि त्याच्या जोरावर जवळच्या मुदतीचा कॉल विकतात. याला 'पुअर मॅन्स कव्हर्ड कॉल' म्हणतात. ब्रोकरच्या पडद्यावर हाच सौदा 'डायगोनल स्प्रेड' या नावाने दिसतो.

नावात कव्हर्ड कॉल असला तरी याचा स्वभाव वेगळा आहे. शेअर घेतला की तो आपला, त्याला मुदत नाही. कॉल मात्र मुदतीने घेतलेली गोष्ट आहे. घर लांबच्या कराराने भाड्याने घेऊन त्यात महिन्या-महिन्याने पोटभाडेकरू ठेवावा, तसं हे आहे. पोटभाडेकरूकडून येणारे पैसे आपण भरत असलेल्या भाड्यापेक्षा जास्त असतील तरच त्यात अर्थ. इथलं भाडं म्हणजे लांबच्या कॉलमधली टाइम व्हॅल्यू. या लेखातला जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्याभोवती फिरणार आहे, म्हणून तीच आधी नीट पाहू.

टाइम व्हॅल्यू कशी काढायची

शेअर १०० डॉलरला आहे आणि ७५ स्ट्राइकचा कॉल ३१ डॉलरला मिळतोय असं धरू. ७५ ला घेण्याचा हक्क असलेल्या माणसाला १०० चा शेअर आत्ताच २५ डॉलरने स्वस्त पडतो. ही २५ डॉलरची इंट्रिन्सिक व्हॅल्यू झाली. उरलेले ६ डॉलर ही टाइम व्हॅल्यू. मुदत संपेल त्या दिवशी तिचं शून्य होणार, शेअर कुठेही असो. एका कॉन्ट्रॅक्टला हे ६०० डॉलर झाले. मुदत १५ महिन्यांची असेल तर सरासरीने महिन्याला ४० डॉलर भाडं पडलं.

विकलेल्या कॉलचंही तसंच. शेअर १०० ला असताना १०५ स्ट्राइकच्या कॉलमध्ये इंट्रिन्सिक काहीच नाही, त्यामुळे त्याचा सगळा प्रीमियम टाइम व्हॅल्यूच असतो. ३८ दिवसांच्या मुदतीला तो साधारण २ डॉलरला विकला जातोय असं समजू, म्हणजे २०० डॉलर. भाड्यापोटी महिन्याला ४० डॉलर जातात आणि पोटभाडेकरूकडून सव्वा महिन्याचे २०० येतात. कागदावर छान दिसतं. हा फरक हातात कधी पडतो आणि कधी पडत नाही, ते पुढे येईलच.

वरचे आणि पुढचे सगळे भाव एका काल्पनिक शेअरचे आहेत. त्याची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेला शेअरच्या चढउताराचा अंदाज, ३० टक्के, व्याजदर ४ टक्के आणि लाभांश नाही, असं धरून काढलेले आणि सोयीसाठी पाच-दहा सेंटांनी गोल केलेले.

शेअर निवडताना

ज्याचे लांब मुदतीचे ऑप्शन खरोखर खरेदी-विक्रीत आहेत असाच शेअर किंवा ईटीएफ घ्या. वर्षाच्या पुढच्या मुदतीच्या या ऑप्शनना 'लीप्स' म्हणतात. शिकागोच्या सीबीओई बाजाराने ते १९९० मध्ये आणले. यादीत नाव असणं आणि सौदा होणं यांत मात्र बरंच अंतर असतं. पडद्यावर बिड, म्हणजे घेणाऱ्याचा भाव, ३०.४० आणि आस्क, म्हणजे विकणाऱ्याचा भाव, ३१.६० दिसत असेल, तर मधला १.२० डॉलरचा खड्डा घेताना आणि पुन्हा विकताना आपल्यालाच भरायचा असतो. जिथे हा खड्डा कॉलच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा मोठा आहे, तिथे मी पुढचं काही बघतच नाही. आणि शेअर असा हवा, की तो वर्षभर हातात ठेवायला तुमची मुळातच हरकत नाही. प्रीमियम जाड दिसतोय म्हणून निवडलेला शेअर त्या जाड प्रीमियमचं कारणही सोबत घेऊन येतो.

लांबचा कॉल

इथे दोन गोष्टी ठरवायच्या असतात, मुदत आणि स्ट्राइक.

मुदत वर्षाच्या पुढची घ्यावी. स्ट्राइक शेअरच्या भावाजवळ असेल तर टाइम व्हॅल्यू सुरुवातीला सावकाश आणि शेवटच्या महिन्यांत भराभर वितळते, आणि शेअर पडला की आपला कॉलही तिथेच येऊन बसतो, हे याचं कारण. १५ महिन्यांच्या कॉलला पहिल्या सव्वा महिन्यात साधारण ५५ सेंटांची झीज लागते. तीन महिन्यांचा कॉल घेतला तर दिसायला स्वस्त पडतो, पण विकायला दोनच फेऱ्या मिळतात आणि एक फेरी वाया गेली की सौदा गुंडाळायचीच वेळ येते.

स्ट्राइक ठरवताना डेल्टा बघा. शेअर एक डॉलर हलला तर कॉल किती हलेल, ते हा आकडा सांगतो. शेअरच्या जागी उभा करायचा कॉल शेअरसारखाच हलायला हवा, म्हणून डेल्टा ०.८० च्या वर असावा. आपल्या उदाहरणातल्या ७५ स्ट्राइकच्या कॉलचा डेल्टा ०.८८ च्या आसपास येतो.

नवखा माणूस इथे हमखास काटकसर करतो. ७५ चा कॉल ३१ डॉलरला आणि त्याच मुदतीचा ९० चा कॉल जवळपास २०.८५ ला मिळत असेल, तर हात ९० कडे जातो, कारण कॉन्ट्रॅक्टमागे हजार डॉलर वाचतात. आता दोन्हींमधली टाइम व्हॅल्यू काढून बघा. ७५ च्या कॉलमध्ये ती ६ डॉलर होती. ९० च्या कॉलमध्ये इंट्रिन्सिक १० डॉलर, म्हणजे टाइम व्हॅल्यू १०.८५. रोख कमी लागली, पण भाडं जवळजवळ दुप्पट झालं. शिवाय डेल्टा ०.७४ वर आला, म्हणजे शेअर वर गेला तर हा कॉल त्याच्यामागे रेंगाळत जाणार. जे 'स्वस्त' दिसत होतं ते इथे महाग आहे.

व्होलॅटिलिटीकडेही एक नजर असू द्या. लांबच्या कॉलवर तिचा परिणाम मोठा होतो. आपल्या ७५ च्या कॉलची किंमत इम्प्लाइड व्होलॅटिलिटी एक टक्का बिंदूने घसरली तर साधारण २२ सेंटांनी, म्हणजे कॉन्ट्रॅक्टला २२ डॉलरने कमी होते. विकलेला कॉल यातलं निम्मं भरून काढतो, उरलेलं आपल्या अंगावर. बाजार घाबरलेला असताना, व्होलॅटिलिटी चढलेली असताना लीप्स घेतला की नंतर सगळं शांत झाल्यावर शेअर जागच्या जागी राहूनही खातं खाली गेलेलं दिसतं, ते यामुळे.

जवळचा कॉल आणि एक वजाबाकी

विकायच्या कॉलची मुदत ३० ते ४५ दिवसांची आणि डेल्टा ०.२५ ते ०.३५ च्या मध्ये, अशी सर्वसाधारण रीत आहे आणि मला ती पटते. त्याहून जवळची मुदत घेतली तर दर आठवड्याला स्क्रीनसमोर बसावं लागतं. लांबची घेतली तर झीज सावकाश होते. आपला १०५ चा, ३८ दिवसांचा, २ डॉलरचा कॉल ०.३४ डेल्टाचा आहे.

आता सौदा टाकण्याआधीची तपासणी. ही जमली नाही तर बाकी सगळं नीट असूनही सौदा टाकायचा नाही:

```
लांबच्या कॉलची किंमत − विकलेल्या कॉलचा प्रीमियम  <  दोन स्ट्राइकमधलं अंतर
31.00 − 2.00 = 29.00   <   105 − 75 = 30
```

या वजाबाकीमागचं कारण असं. शेअर एकदम उसळून १५०-२०० ला गेला, तर दोन्ही कॉल खोल इन-द-मनी जातात आणि त्यांच्यातली टाइम व्हॅल्यू आटत जाते. मग त्या जोडीची किंमत दोन स्ट्राइकमधल्या अंतराकडे, म्हणजे ३० डॉलरकडे सरकते. आपण २९ भरलेत, तर वाईटातल्या वाईट हिशेबानेही एक डॉलर पदरात पडतो. ९० चा कॉल घेतला असता तर भरलेले २०.८५ उणे २, म्हणजे १८.८५ डॉलर आणि अंतर फक्त १५. शेअर वर जाईल असं तुम्ही म्हणालात, तो खरंच झपाट्याने वर गेला, आणि तुमच्या जोडीची किंमत भरलेल्या पैशांच्या खाली सरकत गेली, असा विचित्र प्रकार होतो. प्रत्यक्षात लांबच्या कॉलमध्ये थोडी टाइम व्हॅल्यू शिल्लक राहते, त्यामुळे सगळे ३.८५ बुडतीलच असं नाही. पण दिशा बरोबर ओळखून तोटा सोसायची सोय मुद्दाम कशाला करून ठेवायची?

तपासणी बसत नसेल तर आधी लांबच्या कॉलचा स्ट्राइक आणखी खाली न्या किंवा विकायचा स्ट्राइक वर न्या. प्रीमियम वाढवण्यासाठी विकायचा स्ट्राइक खाली आणणं हा उलटा उपाय आहे. त्याने अंतर जास्त घटतं आणि प्रीमियम थोडाच वाढतो.

ऑर्डर टाकताना

या सौद्यासाठी ब्रोकरकडे स्प्रेड करण्याची परवानगी लागते. फक्त कॉल विकत घेण्याची परवानगी पुरत नाही. दोन्ही पाय, म्हणजे लांबच्या कॉलची खरेदी आणि जवळच्याची विक्री, एकाच ऑर्डरमध्ये, लिमिट भावाने टाका:

```
BUY TO OPEN    1   CALL 75    15 months
SELL TO OPEN   1   CALL 105   38 days
LIMIT  NET DEBIT 29.00
```

भाव बिड आणि आस्कच्या मध्यावर लावा आणि थांबा. झाला नाही तर पाच-पाच सेंटांनी पुढे सरका. मार्केट ऑर्डर लीप्समध्ये कधीही नको. आधी लांबचा कॉल घेऊन विकायचा कॉल 'उद्या बघू' म्हणून ठेवणारे पुष्कळ असतात. त्यात गैर काही नाही, फक्त तोपर्यंत तुमच्याकडे निव्वळ एक लांबचा कॉल आहे आणि वरची वजाबाकी अजून झालेली नाही, हे ध्यानात असावं. उलट क्रम, म्हणजे आधी विकून मग घेणं, बहुतेक ब्रोकर करूच देणार नाहीत, कारण तो उघडा कॉल ठरतो, म्हणजे त्याच्यामागे शेअर किंवा दुसरा कॉल नसतो.

भरलेले २,९०० डॉलर हाच या फेरीतला जास्तीत जास्त तोटा. तो नुसता कागदावरचा आकडा नाही, शेअर ७५ च्या खाली बसून राहिला तर तो पूर्ण होऊ शकतो.

३८ दिवसांनंतर

विकलेल्या कॉलची मुदत संपते त्या दिवशी शेअर कुठे आहे त्याप्रमाणे चित्र असं दिसेल (व्होलॅटिलिटी तीच राहिली असं धरून):

| शेअर | ७५ चा कॉल | १०५ चा कॉल | एका जोडीचा नफा-तोटा |
|---|---|---|---|
| ८५ | १८.०० | ० | −१,१०० डॉलर |
| १०० | ३०.४५ | ० | +१४५ डॉलर |
| १०५ | ३४.९५ | ० | +५९५ डॉलर |
| ११५ | ४४.२५ | १०.०० | +५२५ डॉलर |
| १२५ | ५३.८५ | २०.०० | +४८५ डॉलर |

सर्वांत जास्त नफा शेअर नेमका विकलेल्या स्ट्राइकवर थांबला तर होतो. त्याच्या वर गेल्यावर नफा हळूहळू कमी होत जातो. साध्या कव्हर्ड कॉलमध्ये तो वर सपाट राहतो, इथे मात्र लांबच्या कॉलमधली टाइम व्हॅल्यू आटते म्हणून उतरता असतो.

पहिली ओळ जरा थांबून वाचा. शेअर १५ टक्के पडला. साध्या कव्हर्ड कॉलवाल्याचा तोटा १,५०० उणे २०० म्हणजे १,३०० डॉलर, आपला १,१००. डॉलरमध्ये आपण बरे. पण त्याने ९,८०० गुंतवले होते, म्हणजे १३ टक्के गेले. आपण २,९०० गुंतवले होते, म्हणजे ३८ टक्के गेले. म्हणून ज्याच्याकडे दहा हजार आहेत त्याने 'तेवढ्यात तीन जोड्या बसतात' असा हिशेब करू नये. एक जोडी म्हणजे शंभर शेअरच्या आसपासची जोखीम. ज्याला तीनशे शेअर सोसवत नाहीत, त्याला तीन जोड्याही सोसवणार नाहीत.

भाव पडल्यावर लागणारा सापळा

बहुतेक पैसे इथे जातात, म्हणून हे जरा सविस्तर.

शेअर ८५ ला आहे. १०५ चा कॉल शून्यावर संपला, ते २०० डॉलर आपले झाले. आता दुसरी फेरी. १०५ चा कॉल पुन्हा विकायला जावं तर त्याला काही सेंटच मिळतायत. ८५ च्या शेअरवर दीड डॉलर हवा असेल तर स्ट्राइक ९० वर आणावा लागतो. मन म्हणतं, विकून टाक, तेवढीच भरपाई.

पुन्हा तीच वजाबाकी करून बघा. आतापर्यंत आपण निव्वळ २९ डॉलर भरलेत. दीड डॉलर आला की २७.५० राहतात. स्ट्राइकमधलं अंतर मात्र ९० उणे ७५, म्हणजे १५ झालं. साडेसत्तावीस भरून आपण पंधरा डॉलरचं छत घातलं. आता समजा शेअर पुढच्या ३८ दिवसांत परत १०० वर आला. अगदी सुरुवातीच्या भावावर. ७५ चा कॉल २९.९० च्या आसपास असेल, विकलेला ९० चा कॉल १० डॉलरला परत घ्यावा लागेल. हातात १९.९०, भरलेले २७.५०. तोटा साधारण ७६० डॉलर.

शेअर जिथून निघाला तिथेच परत आलाय आणि मधल्या काळात आपण दोनदा प्रीमियम खाल्लाय, तरी साडेसातशे गेले. दुसऱ्या फेरीत काहीच विकलं नसतं तर हाच हिशेब सुमारे ९० डॉलर नफ्यात असता.

मग करायचं काय? माझं मत असं की शेअर जोरात पडल्यावर लगेच विकू नये. पडझडीनंतरच्या उसळ्याही तितक्याच जोरकस असतात आणि त्या नेमक्या विकलेल्या स्ट्राइकवर येऊन आदळतात. एखादा हिरवा आठवडा येऊ द्यावा, शेअर थोडा सावरला की मग विकावं. त्या वेळीही स्ट्राइक शक्यतो असा निवडावा की अंतर आतापर्यंतच्या निव्वळ खर्चाच्या वर राहील. आपल्या उदाहरणात १०५ च्या खाली ते जमत नाही. १०५ ला प्रीमियम नगण्य असेल तर ती फेरी सोडून द्यायची. काहीजण डेल्टा ०.१५ पर्यंत खाली जाऊन थोडासाच प्रीमियम घेतात, तेही चालतं.

आणि शेअरबद्दलचं मतच बदललं असेल, तर लांबचा कॉल विकून मोकळं व्हावं. ८५ ला त्यात अजून १८ डॉलर आहेत. ते वाचवायचे की महिन्याला दीड-दीड डॉलर गोळा करत त्यांच्यावर पाणी सोडायचं, हा प्रश्न त्या दिवशी सोडवलेला बरा.

शेअर वर निसटला तर

हा त्रास त्यामानाने सुखाचा. शेअर ११५ ला आहे, मुदत संपायला एक-दोन दिवस आहेत आणि १०५ चा कॉल १० डॉलरच्या आसपास आहे. दोन रस्ते आहेत.

पहिला, दोन्ही पाय एकत्र बंद करून ५२५ डॉलर घेऊन बाहेर पडायचं. शक्य होता त्या नफ्यातला बहुतेक भाग मिळालेला आहे, त्यामुळे मला हाच पसंत.

दुसरा, रोल करायचं, म्हणजे १०५ चा कॉल परत घेऊन पुढच्या मुदतीचा विकायचा. पुढच्या ३८ दिवसांचा ११० चा कॉल साधारण ७.६० ला जाईल. १० देऊन ७.६० घेतले, म्हणजे खिशातून २.४० गेले, पण छत पाच डॉलरने वर सरकलं. एकूण खर्च ३१.४०, अंतर ११० उणे ७५ म्हणजे ३५. वजाबाकी अजून बसतेय, तेव्हा हा रोल ठीक. नियम म्हणून एवढंच ध्यानात ठेवा: रोल करताना जितके डॉलर खिशातून जातात त्यापेक्षा स्ट्राइक जास्त वर गेला पाहिजे. १०५ चाच पुढच्या मुदतीचा कॉल विकला तर उलट साधारण १.३५ डॉलर हातात येतात, पण छत तिथेच राहतं.

कॉल आपल्या बाजूने झिजत चालला असेल तर त्याच्या शेवटच्या सेंटाची वाट बघू नका. दोन डॉलरला विकलेला कॉल चाळीस सेंटांवर आला की परत घेऊन टाकावा. उरलेल्या चाळीस डॉलरसाठी आणखी दोन आठवडे जोखीम घेण्यात हशील नाही, आणि मधे एखादा हिरवा दिवस आला तर पुढची फेरी चांगल्या भावाने सुरू करता येते.

लाभांश आणि अवेळी असाइनमेंट

अमेरिकेतले शेअरवरचे आणि ईटीएफवरचे ऑप्शन मुदतीआधी कधीही वापरता येतात. म्हणजे आपण विकलेला कॉल ज्याच्याकडे आहे तो मधेच 'शेअर द्या' म्हणू शकतो. सहसा तो तसं करत नाही, कारण तसं करताना कॉलमधली टाइम व्हॅल्यू सोडून द्यावी लागते. ती टाइम व्हॅल्यू लाभांशापेक्षा कमी झाली की मात्र त्याचा फायदा वापरण्यात असतो.

समजा शेअर ११२ ला आहे, १०५ चा कॉल ७.२० ला आहे आणि उद्या शेअर एक्स-डिव्हिडंड होणार आहे, म्हणजे उद्यापासून घेणाऱ्याला हा लाभांश मिळणार नाही. लाभांश ७५ सेंट. कॉलमधली टाइम व्हॅल्यू २० सेंट. समोरचा आज कॉल वापरणार हे जवळजवळ नक्की. म्हणून इन-द-मनी कॉल विकलेला असेल तर एक्स-डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी बाजार बंद व्हायच्या आत हा हिशेब करा आणि टाइम व्हॅल्यू लाभांशाहून कमी असेल तर कॉल परत घ्या किंवा पुढे रोल करा. लांबचा कॉल हातात असलेल्याला लाभांश मिळत नाही. साध्या कव्हर्ड कॉलवाल्याला मिळतो. फरक लक्षात राहिला नाही तर तो अशा वेळी लक्षात आणून दिला जातो.

तरीही असाइन झालात, म्हणजे समोरच्याने कॉल वापरला आणि शेअर देणं आपल्या अंगावर आलं, तर सकाळी खात्यात उणे १०० शेअर आणि १०,५०० डॉलर जमा दिसतील. बहुधा मार्जिनची सूचनाही आलेली असेल, आणि एक्स-डिव्हिडंडच्या तारखेला शेअर उणे असतील तर तो ७५ डॉलरचा लाभांश आपल्या खात्यातून जाईल. घाबरायचं कारण नाही, लांबचा कॉल अजून जागेवर आहे. घाईत होणारी चूक म्हणजे ब्रोकरला फोन करून 'लांबचा कॉल वापरून शेअर देऊन टाका' असं सांगणं. तसं केलं तर ७५ ला घेऊन १०५ ला दिले, ३० डॉलर आले, २९ गेले होते, म्हणजे हाती एक डॉलर, आणि त्यातूनही लाभांश वजा. लांबच्या कॉलमध्ये अजून चार डॉलरची टाइम व्हॅल्यू असेल तर ती आपण फुकट सोडली. त्याऐवजी बाजारातून १०० शेअर घेऊन उणे बाजू मिटवायची आणि लांबचा कॉल बाजारात विकायचा. तेच चार डॉलर, म्हणजे ४०० डॉलर, हातात राहतात. शेअर अजूनही आवडत असेल तर फक्त शेअर घेऊन उणे मिटवा, लांबचा कॉल ठेवा आणि नवा कॉल विका.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी शेअर विकलेल्या स्ट्राइकच्या अगदी जवळ घुटमळत असेल तर कॉल पाच-दहा सेंटांना परत घ्यावा. बाजार बंद झाल्यावर भाव हलला आणि समोरच्याने कॉल वापरला, तर बाजार पुन्हा उघडेपर्यंत आपल्याला फारसं काही करता येत नाही.

लांबचा कॉल कधी सोडायचा

तो मुदतीपर्यंत धरायचा नसतो. साधारण चार-पाच महिने उरले की विकायला फेऱ्या थोड्याच उरतात, आणि शेअर स्ट्राइकजवळ आलेला असेल तर झीज वेग घेऊ लागते आणि आपलं भाडं वाढतं. त्या सुमारास एकतर सौदा मोडावा किंवा हा कॉल विकून पुन्हा वर्षाच्या पुढचा घ्यावा. पुढचा घेताना नव्या खरेदीसारखीच सगळी तपासणी करायची: डेल्टा, टाइम व्हॅल्यू, बिड-आस्क आणि ती वजाबाकी. या वेळी खर्चात आतापर्यंतचा सगळा निव्वळ खर्च धरायचा, फक्त नव्या कॉलची किंमत नव्हे. यासाठी प्रत्येक जोडीची एक छोटी नोंद ठेवलेली बरी: भरलेले, आलेले, निव्वळ उरलेले. ब्रोकरचा पडदा प्रत्येक पायाचा नफा-तोटा वेगवेगळा दाखवतो आणि विकलेले कॉल एकामागून एक हिरवे दिसत असताना लांबचा कॉल किती खाली गेलाय ते नजरेतून सुटतं.

मोडताना दोन्ही पाय एकाच ऑर्डरने बंद करा. काही कारणाने वेगवेगळे करावे लागले तर आधी विकलेला कॉल परत घ्या, मग लांबचा विका. लांबचा आधी गेला तर तेवढा वेळ विकलेला कॉल उघडा राहतो, आणि ब्रोकर एकतर ती ऑर्डर नाकारेल किंवा त्यासाठी मोठं मार्जिन मागेल.